वाळा पडद्यात, कूलरमध्ये की माठात?

ठाण्याच्या ताईचा एप्रिलमध्ये फोन आला. "अगं, तुमच्याकडे नागपूरला खिडकीला वाळ्याचा पडदा लावता ना, तसाच एक मला पाठव. घरात नुसतं उकडतंय." मी नाही म्हटलं, तर ती जरा रुसलीच. तेव्हा फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते. वाळा घ्यायचा म्हणून दुकानात जाणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच असते: एकच मुळी, पण ती वापरायची कुठे?

आधी एक घोळ मिटवू. हिंदीत वाळ्याला खस म्हणतात आणि आपल्याकडे खसखस म्हणजे अनारशावरची. दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. वाळा हे गवत आहे आणि आपल्या कामाची असतात ती त्याची खोल जाणारी, तारेसारखी चिवट मुळं. सुकी असताना त्यांना फारसा वास येत नाही. पाणी पडलं की तो उमलतो.

पडद्याचं गणित सोपं आहे. ओल्या मुळांतून गरम वारा जातो, पाणी उडतं आणि उडताना वाऱ्यातली उष्णता घेऊन जातं. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. नागपुरात मेच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याच्या जोरावर हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. ठाण्या-मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर ही मर्यादा २८ वर येते. शिंपडलेला पडदा यातलं साधारण निम्मं अंतर कापतो असं धरा. म्हणजे आमच्याकडे दहा अंशांचा फरक पडतो आणि ताईकडे जेमतेम दोन. शिवाय तिच्या घरात आधीच असलेला दमटपणा वाढेल तो वेगळाच. घाम वाळेना म्हणून ती वैतागलेली, आणि मी तिला आणखी वाफ पाठवायची!

माझ्या पश्चिमेच्या खिडकीला चार बाय पाच फुटांचा असा पडदा, म्हणजे ताटी आहे. गेल्या मेमध्ये एका दुपारी दोन वाजता थर्मामीटर घेऊन बसले होते. बाहेर सावलीत ४३, ताटीच्या आत हातभर अंतरावर ३३ आणि खोलीच्या मध्यावर ३६. मग समोरचं दार लावून पाहिलं. अर्ध्या तासात खोली कोंदट झाली, कारण ओली हवा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. म्हणून पडदा वाऱ्याच्या बाजूला हवा आणि समोर एखादं दार किंवा खिडकी उघडी हवी. ज्या फ्लॅटला एकाच बाजूने खिडक्या आहेत, तिथे नागपुरातसुद्धा पडदा घेऊ नका.

विकत घेताना ताटी उजेडात धरून बघा, बारीक बारीक उजेड आरपार दिसायला हवा. जाड ताटी भक्कम वाटते, पण तिच्यातून वाराच जात नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी मारावं लागतं आणि दुपारभरात दोन बादल्या सहज लागतात. वरून भोकं पाडलेली नळी सोडली तर हे काम सुटतं. रात्री मात्र ताटी पूर्ण वाळू द्या. सतत ओली राहिली तर चार-पाच दिवसांत मातीच्या वासाऐवजी कुबट वास येतो, आणि मग कितीही धुतली तरी तो पुरता जात नाही.

दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना हे शिंपण्याचं काम जमत नाही. त्यांनी कूलरच बघावा. कूलरमध्ये वाळा, लाकडाचा कीस आणि पुठ्ठ्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असे तीन पर्याय मिळतात. गारव्यापुरतं बोलायचं तर पुठ्ठ्याची जाळी सरस. ती सारखी भिजते आणि नीट ठेवली तर दोन-तीन उन्हाळे जाते. वाळा ओल्या वजनाने खाली बसतो, वर फट पडते आणि त्या फटीतून गरम हवा सरळ आत येते. मग कूलर जोरात फिरतो, पण गार करत नाही. वाळा घ्यायचा तो सुगंधासाठी. मी तीनपैकी एकाच बाजूला वाळा लावते, उरलेल्या दोन बाजूंना जाळी.

फसवणूक होते ती इथेच. 'खस' म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या ताटीत पुष्कळदा वरून वाळ्याचा पातळ थर आणि आत रंगवलेला कीस असतो. कोपऱ्यातून चिमूटभर उपसून बघा. कीस चपट्या फितीसारखा असतो आणि वाकवला की तुटतो. वाळा गोल, तपकिरी असतो, त्याला बारीक फाटे असतात आणि तो वाकतो, पण तुटत नाही. दुकानात सुक्या ताटीचाच वास घमघमत असेल तर वरून अर्क मारलेला आहे असं समजा. तो पहिल्या-दुसऱ्या पाण्यात निघून जातो.

ताईला मी सांगितला तो पर्याय म्हणजे माठ. दहा लिटरच्या माठाला दहा-पंधरा ग्रॅमची जुडी पुरते. मुळांतली माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवायची, पांढऱ्या मलमलीत बांधून सोडायची. पाणी रोज बदलायचं आणि तीन-चार दिवसांनी जुडी उन्हात खडखडीत वाळवायची. बोटाला बुळबुळीत लागली की फेकून द्यायची. दमट हवेत माठसुद्धा कमीच गार होतो, पण वास मात्र पाण्यात उतरतो. पिण्यासाठीचा वाळा काष्ठौषधींच्या दुकानातूनच आणा. कूलरच्या ताटीतला काढून माठात टाकू नका, त्यावर काय मारलंय कुणाला ठाऊक.

सरबतातही निवड करावी लागते. बाटलीतलं हिरवंगार सरबत वरून घातलेल्या रंगाने हिरवं असतं. मुळांचं पाणी फिकट, गवती चहासारखं पिवळसर निघतं. घरी करायचं तर २५ ग्रॅम धुतलेली मुळं कापून पाऊण लिटर पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, दाट फडक्यातून गाळा, किलोभर साखर घाला आणि विरघळून एक उकळी येताच झाकण ठेवून उतरवा. उघडं उकळत राहिलात तर वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जाईल आणि भांड्यात नुसता पाक उरेल. गार झाल्यावर दोन लिंबं पिळा. फ्रिजमध्ये पंधरा दिवस टिकतं. चव हळुवार असते. बाटलीतल्या सरबताची सवय असलेली मुलं पहिल्या घोटाला "यात काहीच नाहीये" म्हणतात. वाढदिवसाला बाटली आणा, घरच्यांसाठी हे करा.

एक गोष्ट ताईला मात्र पटली नाही. वाळ्याचा वास म्हणजे ओल्या मातीचा वास. आमच्याकडे मेमध्ये सगळं करपलेलं असतं, म्हणून तो हवाहवासा वाटतो. ठाण्यात जूनमध्ये भिंतींनाच ओल येते. तिथे ओला वाळा आणि ओल आलेली भिंत यांचे वास एकमेकांत मिसळतात आणि घर बंद असल्यासारखं वाटतं. म्हणून पावसाळा लागला की जुडी माठातून काढ, कडक वाळव आणि सुती साड्यांच्या कप्प्यात ठेव, असं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "साड्यांत ठेवीन गं, पण पडद्याचं काय?" शेवटी मी तिला दोन जुड्या आणि मलमलीचा तुकडा पाठवला.