फ्रेम जनरेशन आणि वेगवान शूटर खेळ: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर वापरत असून त्यावर मुख्यतः 'द फायनल्स' हा शूटर खेळ खेळतो. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ सोबत आलेले फ्रेम जनरेशन, म्हणजे खेळाने काढलेल्या दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये ग्राफिक्स कार्डाने स्वतः बनवलेली एक फ्रेम घालण्याचे तंत्र, या खेळात उपलब्ध आहे. पहिले तीन महिने मी ते कायम चालू ठेवले होते आणि त्याने काही बिघडत नाही, असे मित्रांना ठामपणे सांगतही होतो. माझा तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि चूक तुलनेच्या पद्धतीत होती.

फ्रेम जनरेशन चालू केले की एनव्हिडियाचेच रिफ्लेक्स हे तंत्र आपोआप चालू होते. ग्राफिक्स कार्डापुढे फ्रेमची रांग साचू न देणे आणि त्यायोगे माऊसचा प्रतिसाद लवकर पडद्यावर आणणे, हे रिफ्लेक्सचे काम. मी पूर्वी रिफ्लेक्स बंद ठेवूनच खेळत असे. त्यामुळे माझी तुलना 'दोन्ही बंद' आणि 'दोन्ही चालू' अशी होत होती. Alt+R दाबून उघडणाऱ्या एनव्हिडियाच्या पट्टीत PC Latency हा संगणकातल्या विलंबाचा आकडा दोन्ही वेळा ४० मिलिसेकंदांच्या आसपास दिसे आणि मी समाधानी होई. चौथ्या महिन्यात फ्रेम जनरेशन बंद करून केवळ रिफ्लेक्स चालू ठेवले, तेव्हा तोच आकडा २२ वर आला. रिफ्लेक्सने मिळवून दिलेला वेळ फ्रेम जनरेशन जवळजवळ पूर्णपणे खाऊन टाकत होते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मधली फ्रेम तयार करायला तिच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही खऱ्या फ्रेम हाताशी असाव्या लागतात. म्हणून नवी खरी फ्रेम तयार झाली तरी ती लगेच दाखवता येत नाही. आधी मधली बनवलेली फ्रेम पडद्यावर जाते आणि खरी फ्रेम सुमारे अर्ध्या फ्रेमच्या अंतराने मागून येते. शिवाय मधली फ्रेम बनवण्याचा वेळ वेगळा लागतो. त्या मधल्या फ्रेममध्ये माऊसची कोणतीही नवी हालचाल नसते. शत्रू कोपऱ्यावरून बाहेर आला, तर त्याचे पूर्ण दर्शन घडवणारी खरी फ्रेम तेवढा वेळ रोखून धरलेली असते.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडत होती आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर असणाऱ्यांनी ती विशेष तपासावी. मॉनिटर आणि कार्ड यांच्या गतीचा मेळ घालणाऱ्या जी-सिंक आणि व्ही-सिंक या सोयी दोन्ही चालू असताना रिफ्लेक्स फ्रेमरेट १३८ वर रोखते. फ्रेम जनरेशनशिवाय मला सुमारे १०५ खऱ्या फ्रेम मिळत होत्या. ते चालू केल्यावर पडद्यावर १३८ दिसे, पण त्यातल्या निम्म्या, म्हणजे ६९ फ्रेमच खऱ्या असत. दोन खऱ्या फ्रेममधले अंतर साडेनऊ मिलिसेकंदांवरून साडेचौदावर गेले होते. म्हणजे आकडा वाढलेला दिसत असताना खेळ मात्र माझा हात पूर्वीपेक्षा कमी वेळा वाचत होता.

पट्टीतल्या आकड्यात माऊस आणि मॉनिटर यांचा विलंब धरलेला नसतो. म्हणून फोनवर सेकंदाला २४० फ्रेम या गतीने, माऊसचे बटण आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन, सराव मैदानात दहा-दहा गोळ्यांचे चित्रण केले. बटण दबल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसेपर्यंत फ्रेम जनरेशन बंद असताना सरासरी नऊ ते दहा फ्रेम जात, चालू असताना चौदा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद, म्हणजे फरक अठरा मिलिसेकंदांच्या जवळपास, पट्टीने दाखवला तेवढाच.

हा फरक हाताला कळतो का, हे पाहण्यासाठी धाकट्या भावाला मला न सांगता सेटिंग बदलायला सांगितले. सरळ चालताना किंवा दूरवर नेम धरून बसलेले असताना मला काहीच ओळखता आले नाही. मात्र झटक्यात मागे वळून नेम धरायचा म्हटले की निशाण लक्ष्याच्या पुढे निघून जाई आणि मागे आणावे लागे. तेवढ्यावरून दहापैकी नऊ वेळा मी बरोबर सांगितले.

प्रोसेसर कमी पडत असल्यामुळे फ्रेमरेट अडकला असेल, तर ग्राफिक्स कार्डाकडे मोकळी ताकद असते आणि खऱ्या फ्रेम फारशा घटत नाहीत. पण फ्रेम रोखून धरण्याचा विलंब तिथेही राहतोच. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान खेळांत मी आजही हे तंत्र आनंदाने वापरतो, कारण तिथली दृश्ये खरोखर सुरेख सरकतात.

'द फायनल्स'मध्ये आता फ्रेम जनरेशन बंद, रिफ्लेक्स चालू, सावल्या मध्यम आणि लहान आकारात काढलेले चित्र मोठे करून दाखवणारे डीएलएसएस 'क्वालिटी'ऐवजी 'बॅलन्स्ड' अशी रचना आहे. यात सुमारे १२० फ्रेम मिळतात, आणि त्या सगळ्या खऱ्या असतात.