फक्त छाती दाबायची की श्वासही द्यायचे?

डोळ्यांदेखत एखादा प्रौढ माणूस कोसळला. हाका मारल्या, खांदे हलवले तरी प्रतिसाद नाही, आणि श्वासही नीट चालत नाही. अशा वेळी शेजारी असणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: फोन करून रुग्णवाहिकेची वाट बघायची, फोन करून नुसती छाती दाबत राहायची, किंवा तीस दाब आणि दोन श्वास असा पूर्ण सीपीआर करायचा. पहिली वाट बाद करायला हवी, त्याचं कारण पुढे येईलच. खरा प्रश्न उरलेल्या दोन वाटांमधला आहे, आणि शिकवण्या देताना सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणाराही हाच.

श्वास न देता भागतं तरी कसं? प्रौढ माणूस अचानक कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड हृदयाच्या ठोक्यांत झालेला असतो. फुप्फुसं क्षणापूर्वीपर्यंत ठीक चालू होती, त्यामुळे रक्तात प्राणवायू अजून शिल्लक असतो. अडलेलं असतं ते फक्त रक्त पुढे ढकलणं. पहिली काही मिनिटं छाती दाबून तेवढं काम केलं, तरी आहे तो प्राणवायू मेंदूपर्यंत आणि खुद्द हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 साली प्रशिक्षण नसलेल्यांसाठी फक्त छाती दाबण्याची शिफारस केली. 2010 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत फोनवरून काहींना नुसती छाती दाबायला सांगितलं होतं, काहींना श्वासही द्यायला. वाचणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

आता थोडा हिशोब करू. समजा रुग्णवाहिका आठ मिनिटांत येणार आहे आणि दाबण्याचा वेग मिनिटाला 110 आहे. नुसतं दाबत राहिलात तर 880 दाब पडतात. प्रशिक्षित माणूस दोन श्वास सहा सेकंदांत उरकतो, म्हणजे तीस दाबांचे साधारण सोळा सेकंद आणि वर सहा. त्याचे आठ मिनिटांत 640च्या आसपास दाब होतात आणि सोबत श्वासही पोहोचतात, हा सौदा चांगलाच आहे. पण नवख्याचं तसं होत नाही. मान मागे करा, नाक चिमटीत धरा, तोंड लावा, हवा गेली की नाही बघा, परत हातांची जागा शोधा, यात सहज सोळा सेकंद जातात. म्हणजे जेवढा वेळ दाबलं तेवढाच वेळ हात रिकामे! एकूण दाब 440वर येतात.

नुकसान नुसत्या आकड्याचंही नसतं. दाब सुरू केल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला रक्तदाब हळूहळू, दाबामागून दाब पडत चढतो, आणि हात उचलला की लगेच खाली येतो. दर वेळी तो पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: श्वास द्यायचा सराव नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

याला अपवाद आहेत, आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. बुडालेला माणूस, गळफास, श्वासनलिकेत काही अडकणं, अमली पदार्थाने श्वास मंदावणं, आणि बहुतेक लहान मुलं. इथे आधी श्वास बंद पडतो आणि हृदय नंतर थांबतं, म्हणजे रक्तातला प्राणवायू आधीच संपत आलेला असतो. इथे श्वास देता येत असतील तर द्यायलाच हवेत. प्रौढाच्या बाबतीतही मदत यायला फार उशीर होणार असेल तर नुसत्या दाबांचा फायदा ओसरत जातो. तरीही श्वास देणारं कुणीच नसेल तर काहीच न करण्यापेक्षा छाती दाबणं केव्हाही बरं.

आता त्या पहिल्या वाटेबद्दल. ठोके अनियमित होऊन हृदय थांबलेलं असेल तर सीपीआर आणि विजेचा झटका याशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. दाब सुरू असतील तर ही घसरण मंदावते. लोक वाट बघत बसतात त्यामागे बऱ्याचदा भीतीपेक्षा एक गैरसमज असतो: "श्वास चालू आहे ना!" कोसळल्यानंतर पहिली काही मिनिटं अनेक जण आचके देतात. तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. हा श्वास नव्हे. छाती एका लयीत वरखाली होत नसेल तर हृदय थांबलंय असंच धरा. नाडी शोधू नका. घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. फोन स्पीकरवर ठेवून जमिनीवर टाका आणि सुरुवात करा, पुढच्या सूचना पलीकडचा माणूस देत राहील. आणखी कुणी हजर असेल तर त्याला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला पिटाळा.

पद्धत अशी. माणूस कडक जमिनीवर उताणा हवा. गादीवर दाबलं तर गादीच खाली जाते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. खोली किमान 5 सेंटिमीटर, 6च्या पुढे नको. वेग मिनिटाला 100 ते 120. त्यासाठी घड्याळ लागत नाही: एक ते दहा मोजायला पाच ते सहा सेकंद लागले की वेग बरोबर. दहानंतर पुन्हा एकपासून मोजा, अकरा-बारा म्हणत गेलात तर शब्द लांबतात आणि लय बिघडते.

सगळ्या चुका सारख्या महाग नसतात. हात दोन बोटं इकडेतिकडे झाले किंवा वेग 95 राहिला तरी रक्त पुढे जातंच. त्याहून महागात पडतं ते उथळ दाबणं. बरगडी मोडेल या धास्तीने लोक तीन-चार सेंटिमीटरवर थांबतात. बरगडी मोडूही शकते, कट् असा आवाजही येतो. हातांची जागा तपासा आणि दाबणं चालू ठेवा. ती सांधता येते. दुसरी चूक सहसा दिसत नाही: दोन दाबांच्या मधे छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त भरतं, नाहीतर पुढचा दाब अर्धवट भरलेल्या हृदयावर पडतो. घाईत वेग 140वर गेला की खोली आणि ही उसळी दोन्ही हातची जातात.

दमणं मात्र अटळ आहे. एक-दोन मिनिटांतच खोली कमी होऊ लागते, आणि दाबणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून "मला जमतंय" यावर विसंबू नका. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. पुढचा समोरच्या बाजूला गुडघे टेकून आधीच तयार बसलेला हवा, म्हणजे बदल काही सेकंदांत होतो. थांबून "शुद्ध आली का" बघायची गरज नाही. तो हलला, डोळे उघडले, नीट श्वास घेऊ लागला तर ते तुम्हाला दिसेलच. मग त्याला कुशीवर वळवा आणि श्वासावर नजर ठेवा, कारण हृदय पुन्हा थांबू शकतं. तसं झालं तर उताणं करून लगेच पहिल्यापासून सुरू.