पाळीआधीच्या त्रासासाठी कोणती गोळी: कॅल्शियम, बी-६, मॅग्नेशियम की डी?

पाळीच्या आधीच्या आठवड्यात चिडचिड, रडू येणं, अंगावर सूज, छाती दुखणं; आणि मग केमिस्टच्या काउंटरवर चार डब्या समोर. चारही डब्यांवरचे दावे साधारण सारखेच असतात, पण त्यामागचा पुरावा सारखा नाही. एकीनेच सुरुवात करायची असेल, तर मी कॅल्शियम निवडेन.

त्याचं कारण १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. साडेचारशेहून अधिक बायकांपैकी काहींना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत होतं, ना डॉक्टरांना. तिसऱ्या चक्रापर्यंत कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास ४८ टक्क्यांनी उतरला, रिकामी गोळी घेणाऱ्यांचा ३० टक्क्यांनी. या दोन आकड्यांतला दुसरा जास्त बोलका आहे. नुसत्या गोळी घेण्याने, त्रास रोज लिहून ठेवण्याने आणि महिन्यागणिक होणाऱ्या चढउतारानेच एवढा फरक पडतो. ‘मला तर या गोळीने खूप बरं वाटलं’ असं मैत्रीण सांगते तेव्हा ती खोटं बोलत नसते, पण तेवढ्यावरून गोळीचा गुण सिद्ध होत नाही. कॅल्शियमचं खरं श्रेय म्हणजे मधला फरक, तोही पहिल्या महिन्यात नव्हे, पुढे दिसलेला.

बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन. त्याचा दुसरा नंबर, आणि तो जरा नाइलाजानेच. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये नऊ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ९४० बायका. कल बी-६ च्या बाजूने निघाला, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा सुमार असल्याचं तपासणाऱ्यांनीच लिहिलं. शिवाय यात एक खराखुरा धोका आहे: मोठा डोस बराच काळ घेतला तर नसांना इजा होते, तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात. अमेरिकेत दिवसाला १०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती फक्त १२ ठरवली. बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन, मज्जातंतूंची गोळी, सगळ्यांत बी-६ असतं, म्हणून लेबलं वाचून बेरीज करा. मुंग्या सुरू झाल्या तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मॅग्नेशियमचा सध्या बोलबाला मोठा, पुरावा छोटा. १९९० च्या दशकातल्या चाचण्या तीस-चाळीस बायकांच्या. एकीत मूड सुधारला, दुसरीत अंगावरची सूज कमी झाली. एवढ्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. पोट बिघडतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर घेऊच नये.

व्हिटॅमिन डी चं गणित वेगळं आहे. ज्या बायकांच्या आहारात डी जास्त त्यांना हा त्रास कमी, असं एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसलं. पण त्यावरून डी मुळेच तो कमी झाला असं ठरत नाही. रक्तात कमतरता निघाली तर ती भरून काढा, हाडांसाठी ते हवंच. केवळ पाळीच्या त्रासासाठी, न तपासता ६०,००० युनिटचं सॅशे महिनोन्महिने चालू ठेवू नका.

आता कॅल्शियम घ्यायचं कसं? लेबलवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. म्हणजे अभ्यासातल्या डोसच्या जवळ जायला दोन गोळ्या, एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर. दोन्ही एकदम घेतल्या तर कमी शोषल्या जातात. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरू करण्याआधी दोन महिने रोज रात्री चार-पाच लक्षणांना शून्य ते पाच गुण द्या. समजा, पाळीआधीच्या सात दिवसांची बेरीज सरासरी ८० येते आणि तिसऱ्या चक्रात ती ५६ होते. म्हणजे ३० टक्के उतार, नेमका रिकाम्या गोळीइतका. अशा वेळी दोन चक्रं गोळी बंद ठेवून बघा. आकडा पुन्हा ८० कडे गेला तर गोळीचा उपयोग असावा. ५६ च्या आसपासच राहिला तर पैसे वाचवा.

मात्र त्या दिवसांत जगणंच नकोसं होत असेल, किंवा नोकरी-घर निभावता येत नसेल, तर या प्रयोगात महिने दवडू नका. त्या तीव्र प्रकारावर एसएसआरआय या गटातल्या, नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांचा पुरावा या चारही गोळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ देतात.