ॲम, इज, आर, वॉज, वेअर: मराठीत अर्थ लावून भरायचं की चार्ट पाठ करून?

सोलापुरात घरीच पाचवी-सहावीच्या पोरांचा अभ्यास घेते मी, आणि पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम रिकाम्या जागा भरायला नेमकं शिकवायचं कसं, वाक्याचा मराठीत अर्थ लावून भरू दे की ‘आय ॲम, ही इज, दे आर’ हा चार्टच पाठ करून घेऊ. मीपण बरीच वर्षं दोन्ही थोडं थोडं करायचे. मग मागच्या महिन्यात एकच वर्कशीट दोन पोरांना दिली आणि दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा मला नीट कळलं की कुठली पद्धत कुठं चालते आणि कुठं अडते.

एक माझी भाची, घरी मराठी, ती प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत म्हणते. दुसरा शेजारचा मुलगा, घरी तेलुगू बोलतात, त्याचा चार्ट तोंडपाठ. दहा वाक्यं होती, अशी:

१. आय ____ इन फिफ्थ स्टँडर्ड नाऊ.
२. माय फादर ____ ॲट होम टुडे.
३. माय ग्रँडफादर ____ अ मिल वर्कर इन 1970.
४. सीमा अँड आय ____ इन द बस नाऊ.
५. यू ____ लेट यस्टरडे.
६. द चिल्ड्रन ____ इन द गार्डन लास्ट संडे.
७. माय हेअर ____ लाँग लास्ट इयर.
८. एव्हरीवन ____ हॅपी नाऊ.
९. आय ____ सिक यस्टरडे.
१०. द वॉटर ____ कोल्ड दिस मॉर्निंग.

भाचीची चार बरोबर आली, शेजारच्याची तीन. मार्क बघून दोघंही हिरमुसले, पण मी चुका बघत बसले, कारण भाचीच्या सहाच्या सहा चुकांमध्ये काळ बरोबर होता! जिथं आजचं आहे तिथं तिनं ॲम-इज-आर मधलंच काहीतरी लिहिलं होतं आणि जिथं कालचं आहे तिथं वॉज-वेअर मधलंच. चुकलं होतं ते एकवचन-अनेकवचन. आणि शेजारच्याचं बरोबर उलटं, त्याच्या सात चुकांपैकी सहा ठिकाणी वचन बरोबर आणि काळ चुकलेला.

आधी भाचीचं बघू कारण बहुतेक मराठी घरात हेच होतं. दुसऱ्या वाक्यात तिनं ‘माझे वडील आज घरी आहेत’ असं म्हटलं, आहेत आलं म्हणून लिहिलं आर. तिसऱ्यात ‘माझे आजोबा मिलमध्ये कामाला होते’, होते आलं म्हणून वेअर. आता वडिलांना आपण ‘आहे’ म्हणणार आहोत का, नाही ना, मान देतो म्हणून अहो-जाहो, पण इंग्रजीत मान द्यायला क्रियापद बदलत नाही, वडील एकच आहेत तर इज, आजोबा एकच होते तर वॉज. पोरगी चुकली ती तिच्यावरच्या संस्कारामुळं असं मी तिच्या आईला सांगितलं आणि ते खरंच आहे, घरात वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणणाऱ्या पोरांची ही चूक मी कमी बघितली आहे.

सातव्यात केस. मराठीत केस नेहमी अनेकवचनी, ‘केस लांब होते’, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच वस्तू धरतात, म्हणून माय हेअर वॉज. पैशाचंपण असंच, ‘पैसे कुठे आहेत’ म्हणतो आपण पण मनी इज. आणि पँट उलटी, ‘माझी पँट कुठे आहे’ पण ट्राउझर्स आर, कात्री एकच पण सिझर्स आर. आठव्यात ‘सगळे खूष आहेत’ म्हणून तिनं आर लिहिलं, पण एव्हरीवनमध्ये शेवटी वन बसलाय, म्हणजे एकेक जण, म्हणून इज.

पाचव्यात ‘तू काल उशिरा आलीस’ असं न म्हणता तिनं शब्दाला शब्द लावून ‘तू लेट होतीस’ म्हटलं, तू म्हणजे एकच माणूस, म्हणून वॉज. हे चुकणारच, कारण मराठीत तू वेगळं आणि तुम्ही वेगळं, इंग्रजीत दोघांना एकच यू आहे आणि तो कायम अनेकवचनाच्या जोडीनं चालतो, आज असेल तर आर, काल असेल तर वेअर, समोर एक पोरगी असो नाहीतर अख्खा वर्ग.

नववं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘आय ____ सिक यस्टरडे’, भाचीनं वेअर लिहिलं. मी विचारलं का गं, तर म्हणे ‘मी आजारी होते’, आणि ‘ते आजारी होते’ याला वेअर येतं ना, मग होते तर होतेच की! बघा, मुलगी स्वतःबद्दल ‘होते’ म्हणते आणि अनेकवचनालापण ‘होते’च लागतं, मुलगा मात्र ‘होतो’ म्हणतो म्हणून मुलग्यांची ही चूक फारशी होत नाही. इतकी वर्षं ‘आय वेअर’ मुलींच्याच वह्यांत जास्त का दिसतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या घरी मुलगी असेल तर हे एक वाक्य तिला मुद्दाम लिहायला देऊन बघा. आयसोबत काल फक्त वॉज.

आता शेजारचा. त्याच्या घरी ‘तो माझा भाऊ आहे’ यातला ‘आहे’ तेलुगूत बोलताना लागतच नाही, ‘तो माझा भाऊ’ एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं, त्यामुळं मनातल्या भाषेत शोधून त्याला इज सापडणार कुठून, म्हणून त्यानं चार्ट घट्ट धरला. सोलापुरात तेलुगू घरं भरपूर, त्यांच्या पोरांना अशा वाक्यांत ‘मातृभाषेत म्हणून बघ’ असं सांगून उपयोग होत नाही. चार्टमुळं त्याचे वडील, केस, पाणी, एव्हरीवन सगळे एकवचनात बरोबर बसले, यूला आर लावायचं हेपण त्याला माहीत. पण तो रिकाम्या जागेपर्यंत वाचतो आणि तिथंच भरतो, पुढचं वाचतच नाही! यस्टरडे, लास्ट संडे, लास्ट इयर, इन 1970, दिस मॉर्निंग हे सगळं वाक्याच्या शेवटी होतं, म्हणून ‘यू आर लेट यस्टरडे’, ‘आय ॲम सिक यस्टरडे’ असं आलं. आणि चौथ्यात जागेच्या लगेच आधी आय दिसला म्हणून ॲम ठोकलं, मागं सीमा उभी आहे हे बघितलंच नाही. तिथं भाची जिंकली, कारण ‘सीमा आणि मी बसमध्ये आहोत’ हे मराठीत म्हटलं की आहोत आपोआप येतं, म्हणजे वुई, म्हणजे आर.

मग ठरवायचं काय, तर मी आता मराठी घरातल्या पोरांना असं सांगते की काळ मराठीतून घे आणि वचन इंग्रजीतून घे. मराठीत म्हणून बघ, आहे-आहेत-आहोत काहीही आलं तर ॲम-इज-आर या तिघांत उभं राहायचं, होता-होती-होते आलं तर वॉज-वेअर या दोघांत, आणि इथं मराठी सोडून द्यायची, पुढं न्यायची नाही. मग कर्त्याच्या जागी इंग्रजीतला छोटा शब्द ठेवायचा, माय फादरच्या जागी ही, द वॉटर किंवा माय हेअरच्या जागी इट, सीमा अँड आयच्या जागी वुई, द चिल्ड्रनच्या जागी दे. छोटा शब्द ठेवला की चार्ट लागू होतो. फक्त एव्हरीवनला ही युक्ती चालत नाही, कारण त्याच्या जागी इंग्रजीत दे म्हणतात आणि मग पोरं आर लिहितात, तो आणि एव्हरीबडी, नोबडी हे वेगळे लक्षात ठेवायचे.

ज्या घरी तेलुगू आहे तिथं काळपण इंग्रजी वाक्यातूनच काढावा लागतो, म्हणून शेजारच्याला मी पेन्सिल दिली आणि सांगितलं पूर्णविरामापर्यंत वाचायचं, वेळेच्या शब्दाला गोल करायचा, गोल झाल्याशिवाय जागेत काही लिहायचं नाही. नाऊ, ॲट द मोमेंट असेल तर तिघं, यस्टरडे असेल, लास्ट असेल, अगो असेल, गेलेलं साल असेल तर दोघं. मराठी पोरांनीपण हे केलं तर चांगलंच, पण त्यांची पहिली गरज ती नाही, आणि दोन्ही पोरांना एकच उपाय देणं हीच माझी इतक्या वर्षांची चूक होती.

काही शब्द मात्र गोल करूनसुद्धा उत्तर देत नाहीत. टुडे बघा, ‘फादर आज घरी आहेत’ पण होतं आणि संध्याकाळी बोलत असलो तर ‘आज घरी होते’ पण होतं, वर्कशीटवाल्याला इज हवं असतं आणि मी तेच लिहायला सांगते, पण पोरानं वॉज लिहिलं आणि कारण सांगितलं तर मी चूक देत नाही. दिस मॉर्निंगचं तसंच, सकाळीच बोलत असाल तर पाणी इज कोल्ड, दुपारी बोलत असाल तर वॉज, वर्कशीटवाल्याला इथं वॉज हवं होतं म्हणून शेजारच्याचं इज मी चूक धरलं. आमच्या इथं मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी हातात धरवत नाही, तेव्हा सकाळी गार होतं म्हणजे वॉजच, असं सांगितलं की पोरांना लगेच पटतं.

वेळेचा शब्दच नसेल तर शेजारच्या वाक्यात बघायचं. ‘ग्रँडमदर ____ टायर्ड. शी स्लेप्ट ॲट एट.’ यात दुसऱ्या वाक्यातलं स्लेप्ट सांगतं की गोष्ट होऊन गेली, म्हणून वॉज. शेजारीपण काही नसेल, ‘सोलापूर ____ अ बिग सिटी’ एवढंच असेल, तर इज.

आणि एक सापळा जिथं मराठीतून काळ घेणंपण फसतं, तो म्हणजे सिन्स. ‘मी सोमवारपासून आजारी आहे’, मराठीत सरळ आहे, म्हणून ‘आय ॲम सिक सिन्स मंडे’ लिहितात, पण तिथं या पाचातलं कुठलंच बसत नाही, तिथं हॅव बीन लागतं. सुरुवातीच्या वर्कशीटमध्ये असं वाक्य नसायला पाहिजे, तरी कधी कधी येतं, तर पोरांना म्हणावं ती जागा रिकामी ठेव आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढ, मी परवा भाचीच्या वहीत तसं प्रश्नचिन्ह बघितलं आणि त्याला पूर्ण मार्क दिले.