पंपाच्या रिलेवर लावलेला 1N4007: आठ-नऊ महिन्यांनंतर

गच्चीवरची टाकी भरली की अर्ध्या एचपीचा पंप बंद करणारा एक साधा बोर्ड घरी बसवला आहे. 12 व्होल्टचा गाडीत वापरतात तसला मोठा रिले, तो चालवायला BD139 ट्रान्झिस्टर आणि मागे एक मायक्रोकंट्रोलर. बोर्ड तयार विकत घेतला होता. त्यात कॉइलवर डायोडच नव्हता. विक्रेत्याने रुपया-दीड रुपया वाचवला असावा.

त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. पंप चालू होताना सगळं ठीक, बंद होताना मात्र कंट्रोलर अधूनमधून रीसेट व्हायचा. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रिले ओढताना रीसेट होत असेल तर सप्लाय कमी पडतोय. सोडताना होत असेल तर संशय दोघांवर: कॉइलचा झटका किंवा पंपाच्या काँटॅक्टवरची ठिणगी. यातलं नेमकं कोण ते शोधायला पंपाच्या वायरी काढून रिले नुसता चालू-बंद केला. रीसेट तरीही होत राहिले, म्हणजे दोष कॉइलचाच.

कॉइलचा रोध 90 ओम, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 133 मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल हा प्रवाह एकदम थांबू देत नाही. त्याला वाट मिळेना की कलेक्टरवरचा व्होल्टेज चढत जातो. वाटेत काहीच नसतं तर तो कित्येक शे व्होल्टवर गेला असता. मित्राच्या स्कोपवर मात्र झटक्याचा माथा सपाट, छाटल्यासारखा दिसला. ही काही चांगली खूण नाही. BD139 ची हमी 80 व्होल्टपर्यंतचीच, त्याच्या वर कुठेतरी तो स्वतः फुटून कॉइलची ऊर्जा गिळत होता. असा ट्रान्झिस्टर एक दिवस शॉर्ट होतो, मग रिले ओढलेलाच राहतो आणि टाकी वाहत राहते.

डायोड निवडायला फार गणित लागत नाही. ट्रान्झिस्टर बंद होण्याच्या क्षणी कॉइलमध्ये जेवढा प्रवाह असतो तेवढाच डायोडमधून जातो आणि तिथून कमी होत जातो, त्याहून जास्त कधीच नाही. म्हणजे इथे 133 मिलिअँपिअर. उलटा व्होल्टेज सप्लायइतकाच, 12. 1N4007 एक अँपिअरचा आणि 1000 व्होल्टचा असल्याने गरजेपेक्षा खूप मोठा, पण कोपऱ्यावरच्या दुकानात हमखास मिळतो. छोटा 1N4148 सुद्धा इथे चालला असता. ‘1N4007 स्लो आहे, फास्ट डायोडच लाव’ असा सल्ला बरेच जण देतात. दिवसातून चार वेळा चालू-बंद होणाऱ्या रिलेला त्याने काही फरक पडत नाही, तो प्रश्न पीडब्ल्यूएमवर चालणाऱ्या मोटरचा. पट्टी प्लसकडे ठेवून डायोड थेट कॉइलच्या पायांवर सोल्डर केला. उलटा लागला तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय शॉर्ट होतो. रीसेट त्याच दिवशी थांबले.

तक्रार निघाली चार-पाच महिन्यांनी. पंप बंद व्हायला हवा तेव्हा रिले कधीकधी चिकटून राहायचा, बोटाने टिचकी मारली की सुटायचा. उघडून पाहिला तर काँटॅक्ट काळे पडलेले, खड्डे पडलेले. याला डायोडचाही थोडा हातभार आहे. कॉइलमधला प्रवाह तो जिरू देतो खरा, पण सावकाश. कॉइलचं इंडक्टन्स 0.3 हेन्री आणि रिले 20 मिलिअँपिअरला सुटतो असं धरलं, तर प्रवाह तिथवर उतरायला पाचेक मिलिसेकंद लागतात. आर्मेचर रेंगाळत सुटतं, काँटॅक्ट हळू उघडतात आणि ठिणगी जास्त टिकते.

उपाय म्हणून डायोडच्या सिरीजमध्ये 24 व्होल्टचा, एक वॉटचा झेनर जोडला, दोघांच्या पट्ट्या एकमेकींकडे. आता कलेक्टरवर जास्तीत जास्त 12 + 24 + 0.7, म्हणजे 37 च्या आतबाहेर. BD139 च्या 80 पासून भरपूर लांब. त्याच हिशोबाने प्रवाह उतरायला आता जेमतेम एक मिलिसेकंद पुरतो. झेनरवर क्षणभर तीन वॉटच्या वर भार येतो, पण कॉइलमधली ऊर्जा तीन मिलिज्यूलसुद्धा नाही, त्यामुळे तो तापतही नाही. ट्रान्झिस्टर 45 व्होल्टचा BC547 असता तर 37 सुद्धा काठावर गेलं असतं, शिवाय 133 मिलिअँपिअर त्याला झेपतही नाहीत.

रिले नवीन घातला, झेनर ठेवला. तेव्हापासून चिकटलेला नाही. मात्र सगळं श्रेय झेनरला देत नाही. पंप सुरू होताना मोटर कितीतरी पट प्रवाह ओढते, त्या वेळी काँटॅक्ट उसळून चिकटू शकतात आणि तिथे कॉइलवरचा कुठलाच डायोड कामाचा नाही. तेवढ्यासाठी पुढच्या वेळी कॉन्टॅक्टर घेईन. त्याची कॉइल 230 व्होल्ट एसीची असेल तर तिच्यावर हा डायोड लावायचा नाही, अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट होईल. तिथे आरसी स्नबर लागतो.