सभेत कोणता आलेख दाखवावा : कापलेले स्तंभ, पूर्ण स्तंभ की रेषा?

घणसोलीतल्या एका सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याचा पंप बदलायचा ठराव आला. खर्च सहा लाख. पडद्यावर सामाईक वीजबिलाचे सहा स्तंभ होते. एप्रिलचा बुटका, सप्टेंबरचा त्याच्या तिप्पट. "पंपच वीज खातोय," असं कुणीतरी म्हणालं आणि भराभर हात वर झाले.

एका सभासदाची मुलगी ऐरोलीत डेटा अॅनालिस्ट आहे. तिने घरी आल्यावर, सभेत वाटलेल्या आलेखाच्या कागदावर पट्टी ठेवली. एप्रिल २ सेंमी, सप्टेंबर ६ सेंमी. मग डावीकडचे बारीक आकडे वाचले. अक्ष १,७८,००० पासून सुरू होत होता. बिल १,८४,००० वरून १,९६,००० झालं होतं, म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के वाढ. खजिनदारकाकांनी लबाडी केलेली नव्हती. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच अक्ष खालून कापतं.

स्तंभ कापलेला असला की गोची होते, कारण डोळा स्तंभाची उंची मोजतो, आकडा नाही. असा आलेख सभेत आणूच नये. दुरुस्ती सोपी आहे : उभ्या अक्षावर राइट-क्लिक करून Format Axis उघडायचं आणि Bounds खाली Minimum ला 0 लिहायचं.

पूर्ण स्तंभ प्रामाणिक असतात, पण तेही सगळं सांगत नाहीत. साडेसहा टक्के वाढ त्यांत जवळपास सपाट दिसते, आणि महिन्याला १२,००० रुपये काही फुकटचे नाहीत. अशा वेळी रेषा बरी. तिथे डोळा उंचीपेक्षा चढउतार बघतो, त्यामुळे अक्ष शून्यापासून नसला तरी चालतं. फक्त तो कुठून सुरू होतो ते ठळक लिहा, आणि रेषेखालचा भाग रंगवू नका, नाहीतर पुन्हा उंचीच मोजली जाते.

माझ्या मते खरा प्रश्न रुपये दाखवायचे की युनिट, हा आहे. मुलीने महावितरणच्या बिलांवरून युनिटची रेषा काढली. एप्रिलमध्ये १४,२००, सप्टेंबरमध्ये १४,३००. वापर जागच्या जागी होता, वाढला होता तो युनिटमागचा खर्च. पंप बदलून तो कमी होणार नव्हता. अगदी सगळी वाढ पंपानेच झाली असं धरलं, तरी वर्षाचे १,४४,००० वाचून सहा लाख फिटायला चार वर्षांहून जास्त लागली असती.

म्हणून बिलाचा विषय असेल तर आधी युनिटची रेषा, मग रुपयांचे शून्यापासूनचे स्तंभ, या क्रमाने दाखवा. एकच दाखवायला जागा असेल तर युनिट.

"काका, ऑर्डर द्यायच्या आधी पंपाचा करंट तरी मोजून घ्या," ती खजिनदारांना म्हणाली. पुढच्या रविवारी इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटर घेऊन आला. पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा करंट जास्त नव्हता. ऑर्डर थांबली, आणि ठराव पुढच्या सभेत पुन्हा ठेवायचं ठरलं.