खातं बदलल्याची मेल आली की काय करायचं: दोन सह्या, टेस्ट पेमेंट की फोन?

ज्यांच्या हातून व्हेंडरची पेमेंट्स जातात त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यामुळे फिशिंग म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच आहे की जुन्या ओळखीच्या व्हेंडरकडून "आमचं खातं बदललंय, हे बिल नव्या खात्यात भरा" अशी मेल आली तर ती खरी की खोटी हे कसं ठरवायचं. तीन रस्ते आहेत: दोन जणांची मंजुरी, टेस्ट पेमेंट किंवा नाव जुळवणं, आणि सरळ फोन. तिन्ही मी वापरलेत.

आधी हे होतं कसं ते बघा, कारण बरेच जण अजून स्पेलिंगच्या चुका असलेल्या मेलची वाट बघत बसलेत. आमच्याकडे सुटे भाग पुरवणारा एक व्हेंडर होता, त्यांच्या अकाउंट्समधल्या एका माणसाचा मेलबॉक्सच चोराच्या हातात गेला. चोराने लगेच काही केलं नाही, गुपचूप वाचत बसला. मेलबॉक्समध्ये एक रूल लावून ठेवला की आमच्याकडून येणारी प्रत्येक मेल वाचलेली मार्क होऊन `RSS Feeds` फोल्डरमध्ये जाईल, जिथे कोणी कधी डोकावत नाही. मग खरं बिल निघायची वाट बघितली आणि त्याच जुन्या थ्रेडमध्ये, त्याच बिलाची PDF फक्त खालचा खाते क्रमांक बदलून पाठवली. कारण काय, तर जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे. सीसीमध्ये त्यांच्या मॅनेजरचा पत्ता होता पण डोमेनमधल्या `m` च्या जागी `rn`, म्हणजे आपण रिप्लाय ऑल केलं की ते खऱ्या मॅनेजरला न जाता चोरालाच जाणार. हे नुसत्या डोळ्यांनी पकडून दाखवा.

आणि हो, SPF, DKIM, DMARC सगळं पास. होणारच ना, मेल खऱ्या मेलबॉक्समधून निघालीय. ते उपाय खोटा पत्ता लावणाऱ्याला अडवतात, खऱ्या घरात शिरून बसलेल्याला नाही.

आता पहिला रस्ता, दोन सह्या. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. साहेबांच्या नावाने "अर्जंट आहे, कोणाला सांगू नका, एवढे पाठवून दे" अशी मेल येते तिथे दुसरा माणूस मध्ये असला की तो प्रकार बहुतेकदा तिथेच मरतो. पण बिलाच्या फसवणुकीत दुसरा माणूस बघतो काय? परचेस ऑर्डर बघतो, माल आल्याची नोंद बघतो, रक्कम बघतो, आणि हे तिन्ही खरंच असतं. खोटा फक्त खाते क्रमांक, आणि तो पहिल्याने त्याच मेलमधून उचलून सिस्टिममध्ये टाकलेला. दुसरा फार तर सिस्टिममधला आकडा PDF शी ताडून बघतो, आणि तो जुळतोच. सह्या दोन पण पुरावा एकच.

दुसरा रस्ता माझा एके काळी आवडता होता, कारण कोणाशी बोलावं लागत नाही. यातला नाव जुळवण्याचा भाग खरंच उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी २०२० पासून खात्याचं नाव आणि नंबर जुळतात का हे पैसे जायच्या आधी दाखवायला सुरुवात केली, आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ते बंधनकारक झालं. चोराने भलत्याच माणसाच्या नावाचं खातं दिलं असेल तर इथेच पकडलं जातं. पण नाव जुळलं म्हणजे माणूस तोच, असं धरून चालू नका. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने २०१३ ते २०१५ मध्ये गुगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त काढले, ते याच फटीतून. त्यांना हार्डवेअर पुरवणाऱ्या एका आशियाई कंपनीच्याच नावाची कंपनी त्याने लॅटव्हियात रजिस्टर केली आणि त्या नावाने लॅटव्हिया आणि सायप्रसमध्ये खाती उघडली. नाव जुळवून बघितलं असतं तर जुळलंच असतं. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. शिवाय देशाबाहेर पैसे पाठवताना बऱ्याच ठिकाणी बँक नंबरच बघते, नाव नाही.

आणि टेस्ट पेमेंट, म्हणजे आधी किरकोळ रक्कम पाठवायची आणि मिळाली का विचारायचं. इथेच माझं मन उडालं. वरच्या प्रकरणात आम्ही नियमाप्रमाणे छोटी रक्कम पाठवली आणि त्याच थ्रेडवर विचारलं, तर काही मिनिटांत उत्तर, "मिळाली, धन्यवाद, उरलेली आजच पाठवाल का?" एरवी हा व्हेंडर साध्या पावतीसाठी आठवडाभर मागे लावतो! रक्कम मिळाली हे खोटं नव्हतंच, मिळालीच होती, फक्त कोणाला ते विचारायचं राहिलं. टेस्ट पेमेंटने एवढंच कळतं की खातं चालू आहे. चोराचंही खातं चालूच असतं, आणि वर आपल्याला वाटतं की आपण तपासलं, ते जास्त घातक.

त्या दिवशी त्या घाईच्या उत्तरामुळेच आमच्या एका सहकाऱ्याने जुन्या करारातला नंबर काढून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "खातं? नाही हो, आम्ही काही बदललेलं नाही." मोठं पेमेंट तिथेच थांबलं.

म्हणून माझं वजन फोनच्या पारड्यात. पण फोनही करायचा तसा केला तरच. नंबर बिलावरचा किंवा मेलच्या सहीतला घ्यायचा नाही, तो चोराने बदललेला असू शकतो. व्हेंडर जोडला गेला तेव्हा नोंदवलेला नंबर घ्यायचा. त्यांचा आपल्याला आलेला फोन धरायचा नाही, आवाज ओळखीचा वाटला तरी, आपणच लावायचा. आणि नवा नंबर वाचून दाखवून "बरोबर ना?" असं विचारायचं नाही, कारण घाईत असलेला माणूस हो म्हणून टाकतो. "तुमचं सध्याचं खातं कुठलं, शेवटचे चार आकडे सांगा" असं विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. ज्याने फोन केला तो वेगळा आणि सिस्टिममध्ये खातं बदलणारा वेगळा, म्हणजे दोन सह्यांचा खरा उपयोग इथे होतो.

कटकट आहेच. लोक फोन उचलत नाहीत, वेळेचा फरक असतो, काही व्हेंडर तर "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणून फुरंगटतात. पण हा फोन प्रत्येक पेमेंटला नाही, फक्त खातं बदलताना करायचा, आणि फोन होईपर्यंत ते बिल होल्डवर. खातं रोज कोण बदलतं?

तुमच्याकडे वेगळी परिस्थिती असू शकते. व्हेंडर अगदी नवा असेल तर जुना नंबरच नसतो, मग फोन कोणाला लावणार. तिथे मी अजूनही आधी नाव जुळवून बघतो, आणि फोन नंबर मात्र त्यांनी दिलेला न घेता कंपनी नोंदणीच्या सरकारी रेकॉर्डमधून किंवा ज्याने त्यांची ओळख करून दिली त्याच्याकडून मिळवतो.